मुलाला सांभाळायला ताई हवी आहे, आणि आधी एक पगारी आठवडा

आमच्या पिल्लूला सांभाळणाऱ्या मावशी महिनाअखेरीला देवासला त्यांच्या मुलाकडे राहायला जातायत, त्यामुळे त्याच्यासाठी परत कोणीतरी शोधायचंय. तो आता पावणेदोन वर्षांचा आहे, धावतो, चढतो, दार ओढून उघडतो. घर इंदूरला अन्नपूर्णा रोडच्या आतल्या बाजूला, घरात आम्ही दोघं नोकरीवाले आणि सासूबाई, म्हणजे घर कधी पूर्ण रिकामं नसतं, पण आईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय, त्या त्याच्याशी तासन्‌तास बोलू शकतात, गोष्टी सांगू शकतात, त्याच्यामागे पळू मात्र शकत नाहीत. तेवढ्याचसाठी माणूस हवंय, पळणारं आणि लक्ष असणारं.

ओळखीत सांगायला सुरुवात केली की पहिला प्रश्न येतो, "कितीत हवीये?" मला वाटतं पैशांच्या आधी वेळ नीट सांगायला हवी, कारण पुढची अर्धी भांडणं वेळेवरूनच होतात. लोक सांगतात नऊ ते पाच आणि घरी पोचतात साडेसहाला, मग बाईने रोज तोंड वाकडं केलं की म्हणतात आजकाल कोणाला कामच करायला नको. माझं ऑफिस विजयनगरला, साडेनऊला निघते, सुटते पाचला, आणि संध्याकाळी महूनाक्याला अडकलं तर साडेपाचचे पावणेसहा होतातच. म्हणून वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, शनिवारी दुपारी दोनपर्यंत, रविवार सुट्टी. दोन्ही टोकांना जो थोडा वेळ ठेवलाय तो मुद्दाम आहे. सकाळी रात्रभरात काय झालं ते सांगायला, झोप नीट झाली का, पोट कसं आहे, दात येतायत का, आणि संध्याकाळी तिच्याकडून दिवसाचं ऐकायला. दारातच चपला घालता घालता "सब ठीक है भाभी" एवढं ऐकून मूल ताब्यात घेणं मला नको वाटतं, कारण घाईत कोणी काही सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. सव्वासहाच्या पुढे थांबावं लागलं तर तासाला ८० रुपये वेगळे, आणि उशीर होणार असेल तर पाचच्या आत फोन करून सांगायची जबाबदारी आमची.

सुट्ट्यांचंही आधीच बोललेलं बरं. महिन्यात दोन पगारी सुट्ट्या, घेतल्या नाहीत तर त्याचे पैसे. रंगपंचमीला सुट्टी पक्की, इंदूरमध्ये त्या दिवशी गेर असते, राजवाड्याकडे सगळं गाव लोटतं, तिच्या घरचेही जाणार आणि रस्ते बंद म्हणून आम्हीही घरीच. आम्ही पुण्याला किंवा कुठे लग्नाला गेलो तर ते दिवस तिच्या पगारातून कापायचे नाहीत, ती यायला तयार होती, आम्हीच नव्हतो.

काम फक्त बाळाचं. हे वाक्य सगळेच म्हणतात, आणि मग पहिल्याच आठवड्यात "जरा कुकर लावून टाक ना", "जरा पोळ्या लाटून ठेव" सुरू होतं. आमच्याकडे पोळ्यांना वेगळी बाई येते, झाडू-पोछाला वेगळी. यात उपकार काही नाही, कारण अगदी साधं आहे. तवा तापलेला असताना बाईची पाठ मुलाकडे असते आणि पावणेदोन वर्षांच्या मुलाला हॉलमधून बाथरूमपर्यंत जायला अर्धा मिनिटही लागत नाही. आमच्या भागात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, म्हणजे बाथरूममध्ये ड्रम आणि बादल्या भरलेल्या असतातच. इतक्या लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं, तो बादलीत वाकून पाहतो आणि तोल गेला की स्वतःला उचलू शकत नाही, चार बोटं पाणीही जीवावर बेतू शकतं आणि आवाज होत नाही. म्हणून बाथरूमला बाहेरून वर कडी लावलीय, ड्रमला झाकण आणि झाकणावर वजन, आणि जी येईल तिच्या कामात पहिली गोष्ट ही कडी. त्याचं खाणं करायचं, भरवायचं, आंघोळ, झोपवणं, त्याचे कपडे, त्याची खेळणी उचलणं, सकाळ-संध्याकाळ अंगणात किंवा बगीच्यात फिरवणं, बस. डायपर कागदात गुंडाळून वेगळ्या डब्यात, कारण आपल्याकडे कचरागाडीत तो वेगळाच द्यावा लागतो.

आणि हो, कचरागाडी. गाडीचं गाणं वाजलं की आमचं पिल्लू हातातलं सगळं टाकून गेटकडे धावतं, त्या वेळी घरातलं कोणी ना कोणी डबे घेऊन बाहेर जात असतं आणि गेट उघडं राहतं. तेव्हा तो ताईच्या कडेवर हवा. गाडी बघायची तर कडेवरून बघायची, टाटा करायचा, मग खाली. मावशींनी हे इतकं पक्कं केलंय की आता गाणं ऐकू आलं की तो आधी हात वर करतो आणि मग गेटकडे बोट दाखवतो.

खाण्याचे नियम थोडेच पण पक्के. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं नाहीत. पोह्यातले दाणे काढून द्यायचे, द्राक्ष उभं चिरून चार तुकडे. गोल चकती केली तर ती घशात बरोबर बसते, लांबट तुकडा अडकायची भीती कमी, म्हणून उभं. खाताना बसवून, पळता पळता घास नाही. मोबाइल दाखवून भरवायचं नाही, दोन वर्षांपर्यंत स्क्रीन नको असं जागतिक आरोग्य संघटनेचंही म्हणणं आहे आणि आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचंही, फक्त नातेवाईकांशी व्हिडिओ कॉल चालतो. यावर काही बायका म्हणतात की फोनशिवाय खाणारच नाही. मग नाही खाल्लं तर नाही खाल्लं, अर्ध्या तासाने परत विचारायचं, एक जेवण कमी झालं म्हणून आम्ही तिला बोलणार नाही. हे आम्ही तोंडाने सांगितलेलं बरं, कारण संध्याकाळी "आज कितना खाया?" विचारताना आपला चेहरा बघून बाईला कळतं की कमी खाल्लं तर बोलणी बसणार, आणि मग ती फोन लावते किंवा खोटं सांगते. दोन्ही आम्हाला नको.

अनुभव हवाच, पण किती वर्षांचा यापेक्षा कोणत्या वयाच्या मुलाचा ते मी विचारते. चार महिन्यांचं बाळ ठेवलं तिथे असतं, त्याची मालिश, दूध, झोप यात जिचा हात बसलाय तिला पावणेदोन वर्षांचं चालतं-बोलतं, "नाही" म्हणणारं मूल सांभाळता येईलच असं नाही. ती कामं वेगळी आहेत. त्यामुळे एक ते तीन वर्षांतल्या मुलाला निदान वर्षभर सांभाळलेलं असावं, दुसऱ्याच्या घरी. स्वतःची मुलं वाढवलीत हे मी मानते, पण दुसऱ्याचं मूल रागावल्याशिवाय, फटका न देता सांभाळणं ही वेगळी सवय आहे. बोलताना मी फार प्रश्न विचारत नाही. "आखिरी जो बच्चा संभाला, उसका पूरा दिन बताओ" एवढंच म्हणते आणि गप्प बसते. जिने खरंच सांभाळलंय ती सांगायला लागते, वो सुबह उठते ही चिढता था, दूध कप में नहीं पीता था, दुपारी झोळीतच झोपायचा, आणि त्या मुलाचं नाव घेताना तिचा आवाज बदलतो. जी नुसतं "सब करती थी, नहलाना, खिलाना, सुलाना" म्हणते तिच्याबद्दल जरा जास्त चौकशी करावी लागते. मग आधीच्या घरी फोन, आणि तिथे "कशी होती?" असं विचारण्यात अर्थ नाही, सगळे छान होती म्हणतात. मी विचारते की मूल तिच्याकडे असताना कधी पडलं-बिडलं होतं का आणि ते तुम्हाला कोणी सांगितलं. या एका उत्तरात पुष्कळ कळतं.

वय अठराच्या वर, हे मी मुद्दाम बोलते कारण कोणीतरी सुचवतंच की गावाकडून एखादी मुलगी आणा, स्वस्तात पडेल आणि बाळाशी खेळेलही. चौदा वर्षांखालच्या मुलांना घरकामाला ठेवायला २००६ पासूनच बंदी आहे, आणि पंधरा-सोळाची मुलगी शाळेत हवी, माझ्या घरी दुसऱ्याच्या मुलामागे धावताना नको. आधारची कॉपी, एक फोटो, आणि जवळच्या थान्यात माहिती द्यायची, हे तिला पहिल्या भेटीतच सांगणार. हॉलमध्ये एक कॅमेरा आहे, तोही तिला दाखवणार, कुठून काय दिसतं ते तिच्यासमोर फोनवर उघडून. लपवलेला कॅमेरा मला पटत नाही.

आता पैसे. महिन्याचे १३,००० रुपये, पाच तारखेच्या आत, दिवाळीला एक महिन्याचा पगार बोनस. महिन्यात कामाचे साधारण २६ दिवस, म्हणजे दिवसाचे ५००. हा हिशोब सांगायचं कारण ट्रायलचा आठवडा. सोमवार ते शनिवार सहा दिवस, ३,००० रुपये, आणि पहिल्या दोन-तीन दिवशी ती कमी तास असली तरी रोजचे ५०० पूर्ण. शनिवारी दुपारी हातात रोख किंवा तिला हवं तर फोनवर, आमचं जमलं तरी आणि नाही जमलं तरी.

बरेच लोक ट्रायल फुकटात मागतात, चार दिवस येऊन बघ, जमलं तर पगार सुरू. त्यात काय होतं की ती बाई धुणीभांड्याची दोन घरं सोडून येते, तिचे ते पैसे जातात, मग ती घाईत असते, कसंही करून ही नोकरी लागलीच पाहिजे. अशा बाईकडून तुम्हाला खरा दिवस दिसत नाही. ती मुलाला रडू देत नाही, रडायला लागला की बिस्किट, तरी रडला की फोन, तुम्ही आलात की हसरं मूल. आणि तिला आमचं घर आवडलं नाही तर ती ते म्हणूही शकत नाही. पैसे ठरलेले असले की तिलाही निवांत बघता येतं की ही आजी किती बोलतात, ही बाई वेळेवर परत येते का, मूल अंगाला येतं का. तो आठवडा तिचाही आहे.

मावशी आल्या तेव्हा पिल्लू वर्षाचा होऊन थोडेच दिवस झाले होते, नुकता भिंतीला धरून चालायला लागला होता, आणि अनोळखी माणूस दिसलं की माझ्या खांद्यात तोंड खुपसायचा. त्या वयात हे होतंच. तेव्हा जसा आठवडा केला तसाच आताही करणार आहोत. सोमवारी फक्त दहा ते बारा. मी घरीच, आणि मावशींना एवढंच सांगितलं की त्याला उचलू नका, तो येईल. त्या खाली बसल्या, भिंतीला टेकून, आईंनी दिलेली मेथीची जुडी निवडत. त्याच्याकडे बघितलंच नाही. तो आधी माझ्या मागून, मग दिवाणामागून बघत होता, मग एक काडी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवून पळाला. त्यांनी "लाओ" म्हणून हात पुढे केला आणि परत मेथीकडे. पाऊण तासात तो त्यांना एकेक काडी आणून देत होता. मला वाटतं मुलांशी वागायची समज असते ती अशीच दिसते, आल्या आल्या "अले ले ले" करून कडेवर घेणाऱ्यांपेक्षा.

मंगळवारी जेवणापर्यंत. जेवण त्यांनी भरवलं, मी समोर बसून, न बोलता. न बोलणं फार अवघड जातं, पण आईने मध्ये तोंड घातलं की मूल आईकडेच येतं आणि बाई नुसती प्लेट धरून बसते. बुधवारी दुपारची झोप त्यांच्याकडे, मी आतल्या खोलीत. तो रडला, बराच रडला, मी दाराशी उभी, सासूबाईंनी हात धरून बसवलं. मग थापटण्याचा आवाज आला, मग एक कसलंतरी माळवी गाणं, मग काहीच नाही. गुरुवारी मी घराबाहेर गेले, आधी अर्धा तास, जेवणानंतर तीन तास. जाताना त्याला सांगून, टाटा करून. त्याची पाठ असताना निसटून गेलं की त्या दिवशी रडणं वाचतं, पण नंतर मूल आईला दुसऱ्या खोलीतही जाऊ देत नाही, सारखं तपासत राहतं. शुक्रवारी पूर्ण दिवस, नऊ ते सहा, अगदी खरा.

या दिवसांत रडण्यावरून मी काही ठरवत नाही. निघताना मूल रडणारच. मी बघते की दार लागल्यावर किती वेळाने थांबला, ते आई सांगतात. जेवला का, झोपला का, आणि मी परत आल्यावर त्याला तिच्याकडे परत जायला काही वाटतं का. जेवत-झोपत असेल तर आठवड्यात रडणं कमी होत जातं. पण मूल एकदम गप्प गप्प झालं, त्या बाईने हात पुढे केला की आकसायला लागलं, चौथ्या-पाचव्या दिवशीही दुपारी डोळा लागत नाही, रात्री दचकून उठतोय, तर मी पुढे जाणार नाही, कारण सापडो न सापडो.

शुक्रवारी मी सहाला आले तर मावशी दारातच उभ्या होत्या, त्याला कडेवर घेऊन, आणि मी पर्स ठेवायच्या आधी म्हणाल्या, "भाभी, आज ये गिर गया था." दुपारी दिवाणाच्या कडेला कपाळ लागलं होतं, सुपारीएवढं टेंगूळ. त्यांनी थंड पाण्याची पट्टी ठेवली, आईंना लगेच दाखवलं, मला फोन लावला तो लागला नाही म्हणून यांना लावला, आणि मग वहीत लिहून ठेवलं होतं, वेडंवाकडं हिंदी, तीन बजे गिरा, पाँच मिनिट रोया, उल्टी नहीं, फिर खेला. उलटी झाली का, गुंगी आली का, हाक मारल्यावर बघतो का, हे सोमवारीच सांगून ठेवलं होतं, यातलं काही झालं तर वाट न बघता सरळ डॉक्टरकडे, १०८ ला फोन. त्यांनी तेच सगळं बघितलं होतं.

शनिवारचं बोलणं मग नावापुरतं राहिलं, कारण माझं शुक्रवारीच ठरलं होतं. एवढं लहान मूल संध्याकाळी येऊन आपल्याला काही सांगू शकत नाही, दिवसभराचं जे काही कळायचं ते त्या बाईच्या तोंडूनच. त्यामुळे पगार कापून किंवा आवाज चढवून तिचं तोंड बंद होईल असं आम्ही काही करायचं नाही, हे त्या दिवशी आम्ही दोघांनी ठरवलं. टेंगूळ आलं म्हणून एक शब्द बोललो नाही. नंतर दुधाचं भांडं जळलं तेही त्यांनी सांगितलं, एकदा त्याला चुकून दुसऱ्यांदा व्हिटॅमिनचे थेंब गेले तेही दहा मिनिटांत फोन करून सांगितलं, डॉक्टरांना विचारून घेतलं, काही झालं नाही. त्यानंतर औषधाची बाटली कपाटात वर गेली आणि वहीत एक रकाना वाढला, दिलं की लगेच टिक.

ती वही आता नव्या ताईलाही मिळेल. दूध, जेवण, झोप, शी, पडणं-झडणं, औषध. लिहिता येत नसेल तरी अडत नाही, आई लिहून घेतात, किंवा फोनवर बोलून रेकॉर्ड करून पाठवलं तरी चालेल.

ट्रायलच्या शेवटी नाही म्हणायची वेळ आली तर ते शनिवारीच, समोर बसून, कारण सांगून. "फोन करते" म्हणून तिला लटकवायचं नाही, कारण तिला सोमवारपासून दुसरीकडे बघायचं असतं. आणि तिला नाही म्हणायचं असेल तर तिनेही तसंच सांगावं, पैसे तेवढेच.

या वेळी एक गोष्ट सोपी आहे, ट्रायलचे पहिले दोन दिवस मावशी सोबत असतील, त्यांचा पगार चालूच आहे, म्हणजे पिल्लूला ओळखीचा चेहरा आणि नव्या ताईला विचारायला माणूस. द्वारकापुरी, सुदामा नगर, फूटी कोठीच्या आसपास राहणारी असेल तर उत्तम, पावसात पायी येता येईल. मराठी यायला हवी असं काही नाही, हिंदी-माळवी चालेल. कोणाच्या ओळखीत असेल तर तिला सकाळी अकराच्या सुमाराला घेऊन या, तेव्हा तो झोपून उठलेला असतो, पोट भरलेलं असतं आणि जेवणाला अजून वेळ असतो, माणूस दिसलं की स्वतःहून बघायला येतो.